‘अनलेस’ कुठपर्यंत पोचतं?

पत्र: ताई, मी देवगड तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आता लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. बेअर अॅक्टमधलं, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकातलं, कलम वाचायला घेतलं की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून गाइडमधला सारांश पाठ करते. परवा काँट्रॅक्टच्या चाचणीत प्रश्न आला: वादळात दोर तुटून वाहून चाललेली होडी शेजाऱ्याने आपणहून ओढून किनाऱ्याला आणली. दुसऱ्या दिवशी मालकाने ‘तुला ५,००० देईन’ असं तोंडी सांगितलं आणि नंतर नाही म्हणाला. शेजाऱ्याला पैसे मागता येतील का? मी करार कायद्याचं कलम २५ बरोबर ओळखलं, पण ‘वचन लेखी आणि नोंदणीकृत नाही, म्हणून व्हॉइड’, म्हणजे कायद्याने निरर्थक, असं उत्तर लिहिलं. १० पैकी २ मिळाले. सरांनी शेजारी फक्त ‘कलम वाच’ असं लिहिलंय. मी वाचलं होतं! माझं इंग्रजीच कच्चं आहे का? कलमं मराठीतून वाचली तर जमेल का?

उत्तर: तुझं इंग्रजी या उत्तरात कुठेच आड आलेलं नाही. ‘लेखी’ आणि ‘नोंदणीकृत’ हे दोन्ही शब्द कलम २५ मध्ये खरोखर आहेत आणि त्यांचा अर्थ तुला नीट कळला आहे. ते शब्द कलमाच्या कोणत्या भागाला लागू आहेत आणि कुठे थांबतात, एवढंच निसटलं. शब्दार्थ येणं आणि वाक्याची बांधणी दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुला जमतं. दुसरं आजवर तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

मराठीतून वाचण्याबद्दल. मराठी मजकूर हाताशी जरूर ठेव, अवघड शब्दाला त्याची मदत होते. पण त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी कलमात ‘इज व्हॉइड’ हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं असतं आणि अटी मागून येतात. तेच मराठीत आणलं की सगळ्या अटी आधी आणि निकाल अगदी शेवटी. सहा ओळी डोक्यात धरून सातव्या ओळीत काय होतं ते पाहायचं. बांधणी दिसत नसेल तर मराठी वाक्यातही तू तशीच हरवशील.

गाइडचा तुझ्या उत्तराशी थेट संबंध आहे. गाइडमध्ये बहुतेक असं काहीतरी असणार: ‘कलम २५ चे अपवाद: प्रेमापोटी, लेखी व नोंदणीकृत, पूर्वी केलेली सेवा, मुदतबाह्य कर्ज.’ यातलं एकही अक्षर चुकीचं नाही. पण मूळ कलमातले ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘अनलेस’ गळून गेले. ते गेले की ‘लेखी व नोंदणीकृत’ हे शब्द मोकळे सुटतात आणि आपण ते तिन्ही अपवादांना चिकटवतो. तुझं तेच झालं.

आता भारतीय करार कायदा, १८७२ मधलं हे कलम आपण दोघी मिळून उघडून पाहू. मी मराठीत सांगते, पण जोडशब्द मुद्दाम मूळचेच ठेवते, कारण आपल्याला काम त्यांच्याशीच आहे:

मोबदल्याशिवाय केलेलं अॅग्रीमेंट व्हॉइड आहे, अनलेस (१) ते लेखी आहे अँड दस्तनोंदणीच्या कायद्याखाली नोंदवलेलं आहे, अँड जवळचं नातं असलेल्या पक्षांमध्ये स्वाभाविक प्रेम आणि मायेपोटी केलेलं आहे; ऑर अनलेस (२) ज्याने वचन देणाऱ्यासाठी आधीच स्वेच्छेने काही केलं आहे, ऑर वचन देणाऱ्याला कायद्याने जे करणं भाग पडलं असतं ते केलं आहे, अशा माणसाला पूर्ण किंवा अंशतः भरपाई देण्याचं ते वचन आहे; ऑर अनलेस (३) मुदतीचा कायदा आड आला नसता तर धनकोला वसूल करता आलं असतं असं कर्ज पूर्ण किंवा अंशतः फेडण्याचं ते वचन आहे, आणि ते लेखी आहे, अँड ज्याच्यावर जबाबदारी टाकायची त्याने किंवा त्याच्या अधिकृत एजंटाने त्यावर सही केलेली आहे. यांपैकी कोणत्याही बाबतीत असं अॅग्रीमेंट काँट्रॅक्ट आहे.

मी ज्युनिअर होते तेव्हा माझ्या सीनिअरांनी मला एक सवय लावली. कलम समोर ठेवायचं आणि पहिल्यांदा फक्त एकच गोष्ट शोधायची: या वाक्यात शेवटी कुणाचं काय होतं? बाकी सगळं ते फुटपट्टीने झाकायला लावायचे. इथे झाकल्यावर उरतं ते एवढंच: ‘अॅग्रीमेंट व्हॉइड आहे.’ हा झाला निकाल. मग फुटपट्टी थोडी सरकवायची: कोणतं अॅग्रीमेंट? ‘मोबदल्याशिवाय केलेलं.’ ही अट. मग आणखी सरकवायची, ‘अनलेस’ येतं. तिथे हात थांबवायचा आणि पेन्सिलीने उभी रेघ मारायची, कारण इथून दिशा उलटते. यापुढे जे येईल ते निकाल मोडणारं आहे.

आता नीट बघ. कलम ‘अनलेस’ एकदाच म्हणून थांबलेलं नाही. ‘ऑर अनलेस’ असं पुन्हा म्हणतं, आणि मग तिसऱ्यांदा पुन्हा. नुसतं ‘ऑर’ म्हणून भागलं असतं, मग ‘अनलेस’ परत कशाला? प्रत्येक वेळी ते पहिल्या ओळीशी नव्याने गाठ मारतं म्हणून. दुसरा अपवाद पहिल्या अपवादाच्या पोटातून निघत नाही, थेट ‘व्हॉइड आहे’ या शब्दांपासून निघतो. म्हणून पहिल्यातलं ‘लेखी आणि नोंदवलेलं’ दुसऱ्यात येऊच शकत नाही. तिसऱ्यात लेखी हवं होतं, तर तिथे ‘लेखी’ परत लिहिलं आहे. आणि तिसऱ्यात ‘नोंदवलेलं’ नाही, सही मात्र आहे. कायदा लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात त्या घराचं सामान वेगळं मांडून ठेवलं आहे.

वहीत हे असं उतरव:

निकाल: व्हॉइड
अट: मोबदला नाही
पण (१) लेखी + नोंदणी + जवळचं नातं + प्रेमापोटी
पण (२) आधी केलेलं काम + (स्वेच्छेने, वचन देणाऱ्यासाठी, किंवा त्याला कायद्याने करणं भाग असलेलं) + भरपाईचं वचन
पण (३) फक्त मुदतीमुळे अडलेलं कर्ज + फेडण्याचं वचन + लेखी + सही
मग: काँट्रॅक्ट

अधिकचं चिन्ह म्हणजे ‘अँड’: एकही तुकडा पडला तर ती अख्खी ओळ पडते. ओळी एकमेकींखाली आहेत म्हणजे ‘ऑर’: एक ओळ पुरी झाली तर बाकीच्यांची गरज नाही. पहिल्या ओळीतला ‘अँड’ किती कडक आहे याचं जुनं उदाहरण तुला वर्गात भेटेलच. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या १९०० सालच्या राजलखी देवी खटल्यात नवऱ्याने बायकोला पैसे देण्याचं वचन दिलं होतं. दस्त लेखी होता, नोंदवलेला होता, नातं तर नवरा-बायकोचंच. पण दस्तातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता आणि कोर्टाला त्यात प्रेमापोटी दिलेलं काही दिसलं नाही. चारातले तीन तुकडे होते, चौथा नव्हता. बाईंना त्या दस्तावर काही मिळालं नाही.

आता होडी. उत्तर ‘अपवाद दोन’ इथून सुरू करायचा मोह होईल, तो आवर. आधी वहीतली दुसरी ओळ: मोबदला खरंच नाही का? त्यासाठी कलम २(ड) कडे जायला हवं. तिथे मोबदल्याच्या व्याख्येतली पहिलीच अट आहे की ते काम वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेलं हवं. आपल्या शेजाऱ्याने होडी आपणहून ओढून आणली, मालकाला तेव्हा पत्ताही नव्हता. म्हणजे २(ड) च्या अर्थाने मोबदला नाही, आणि म्हणूनच आपण कलम २५ मध्ये शिरलो.

एक गोष्ट बदलून बघ. दोर तुटल्याचं मालकाला कळलं, त्याने शेजाऱ्याला फोन केला, ‘अरे, माझी होडी चाललीय, तेवढी ओढून आण.’ शेजाऱ्याने आणली, आणि ५,००० चं वचन नंतर आलं. आता काम मालकाच्या इच्छेवरून झालं आहे. २(ड) मध्ये ‘केलेलं आहे’ असा भूतकाळही आहे, म्हणून आधी करून झालेलं कामसुद्धा मोबदला ठरतं. मोबदला आला की कलम २५ चं दारच उघडत नाही, अपवादांची गरजच राहत नाही. एका फोनने उत्तराचा रस्ता बदलला. उत्तरपत्रिकेत हे लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाला लगेच वेगळा दिसतो.

परत मूळ प्रश्नाकडे. दुसऱ्या अपवादातले तुकडे एकेक घे. काम ‘आधीच’ झालं का? हो, वचन दुसऱ्या दिवशीचं. ‘स्वेच्छेने’? हो, प्रश्नातच ‘आपणहून’ म्हटलं आहे. ‘वचन देणाऱ्यासाठी’? होडी मालकाची, ती वाचवली मालकासाठी. ‘भरपाई देण्याचं वचन’? शेजाऱ्याचं डिझेल गेलं, अंगमेहनत गेली, त्याबद्दल ५,०००. सगळे तुकडे बसले. लेखी? या घरात तो शब्दच नाही. म्हणून तोंडी वचनही काँट्रॅक्ट, आणि शेजारी पैसे मागू शकतो. वचन दिलं होतं हे सिद्ध कसं करायचं हा पुराव्याचा प्रश्न, तो वेगळा. तोंडी वचन सिद्ध करणं अवघड जातं म्हणून ते कायद्याने व्हॉइड होतं असं नाही. पहिल्या वर्षाला या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

कुठे अडू शकतं तेही सांगते, कारण कलम फोडण्याचा खरा उपयोग तिथे आहे. वाहती होडी शेजाऱ्याच्याच नांगरलेल्या होडीवर आपटत होती म्हणून त्याने ती ओढली असेल तर? मग ‘वचन देणाऱ्यासाठी’ हा तुकडा डळमळतो, वकील त्याच शब्दावर भांडतील. ५,००० ऐवजी मालकाने भरात ५०,००० म्हटलं असेल तर? मग ‘भरपाई’ या शब्दावर प्रश्न येईल. फोडलेलं कलम तुला उत्तर देईलच असं नाही, पण भांडण कोणत्या शब्दावर आहे ते दाखवेल. ‘शेजाऱ्याने चांगलं काम केलं म्हणून पैसे मिळायला हवेत’ असं लिहिणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

आणि मालकाने ५,००० हातावर ठेवले असते आणि मग परत मागितले असते तर? त्यासाठी कलमाच्या खाली ‘एक्स्प्लनेशन १’ आहे: प्रत्यक्षात दिलेल्या बक्षिसाला हे कलम हात लावत नाही. मुलं खालची एक्स्प्लनेशन्स सोडून देतात. ती सोडू नकोस. कधी ती नुसता अर्थ सांगतात, तर कधी, जसं इथे, कलमाची हद्द आखतात.

तिसऱ्या घरावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण किनाऱ्यावरच्या माणसांची भांडणं बरेचदा याच घरात येऊन पडतात, आणि माझ्या हातून पहिली मोठी चूक इथेच झाली.

समज, एकाने शेजाऱ्याला होडीच्या इंजिनासाठी १० जून २०१४ रोजी ८०,००० रुपये हातउसने दिले. परतीची तारीख ठरली नव्हती. उसन्या दिलेल्या पैशाच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे ३ वर्षं, आणि ती पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजायची. जून २०१७ मध्ये मुदत संपली. सप्टेंबर २०१८ मध्ये, गणपतीत दोघं भेटले आणि ऋणकोने वहीच्या पानावर लिहून सही केली: ‘तुमचे ८०,००० रुपये माझ्याकडे येणं आहेत हे मला मान्य आहे.’ आता दावा लावता येईल का?

मी नवीन होते तेव्हा असाच एक कागद घेऊन एक पक्षकार आला होता. लेखी आहे, सही आहे, रक्कम मान्य आहे. मला वाटलं काम झालं. मी मुदत कायद्याच्या कलम १८ वर भिस्त ठेवली: लेखी कबुली सहीनिशी दिली की त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायची. एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. कलमाच्या सुरुवातीचे चार-पाच शब्द मी वाचले होते, पण वेगळे काढले नव्हते: ‘मुदत संपण्यापूर्वी’. कबुली मुदतीच्या आत हवी. आमची मुदत संपल्यानंतरची होती. समोरच्या वकिलांनी उभं राहून तेवढेच शब्द वाचले आणि बसले. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून वेळ सांगणारे शब्द, म्हणजे ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘च्या आत’, ‘आधीच’, मी वेगळ्या रंगाने गोल करते. बाकीच्या अटी गोष्ट वाचताना आपोआप दिसतात, वेळेची अट डोळ्याखालून निसटते.

कलम २५ चं तिसरं घर मुदत संपल्यानंतरही उघडं असतं. मग तो कागद इथे चालेल का? तुकडे लाव. लेखी, आहे. सही, आहे. कर्ज फक्त मुदतीमुळे अडलेलं, तेही आहे. पण कलम म्हणतं ‘फेडण्याचं वचन’. आमच्या कागदात ‘मान्य आहे’ होतं, ‘देईन’ नव्हतं. कबुली मागे बघते, वचन पुढे बघतं, आणि या घराला वचन लागतं. त्याच कागदावर ‘दिवाळीनंतर यातले ४०,००० देईन’ एवढं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हाही मागता आले असते ४०,०००, पूर्ण ८०,००० नव्हे, कारण आता दावा जुन्या कर्जावर नाही, नव्या वचनावर उभा आहे. ‘पूर्ण किंवा अंशतः’ हे शब्द त्यासाठीच आहेत. कलमाखालच्या उदाहरणातही १,००० च्या जुन्या कर्जापोटी ५०० चं लेखी वचन घेतलं आहे.

या घरात आणखी एक तुकडा आहे, आणि त्यावरून मुलं सर्रास घसरतात: ‘मुदतीचा कायदा आड आला नसता तर वसूल करता आलं असतं असं कर्ज’. मनात हा प्रयोग कर. मुदतीची भिंत काढून टाक आणि विचार, आता हे कर्ज कोर्टात वसूल झालं असतं का? इंजिनाचं झालं असतं. पण ते ८०,००० पैजेत हरलेले असते तर? करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचं अॅग्रीमेंट व्हॉइड असतं आणि त्यावर दावा चालत नाही. भिंत काढली तरी मागे दुसरी भिंत आहेच. मग कितीही लेखी वचन आणि सही असली तरी हा अपवाद लागत नाही.

सहीबद्दल एकच सांगते. कागदावर ऋणकोच्या मुलाने सही केली असेल, तर ‘मुलगा आहे’ एवढं पुरत नाही. कलम ‘अधिकार दिलेला एजंट’ म्हणतं, मग तो अधिकार सर्वसाधारण असो वा त्या कामापुरता. नात्याने तो आपोआप येत नाही.

आता तू विचारशील, मी फोडलेलं बरोबर आहे हे मला कसं कळणार? सर दरवेळी शेजारी बसणार नाहीत. दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही तुझ्या बेअर अॅक्टमध्येच आहेत.

पहिली म्हणजे उरलेले शब्द. वहीतले तुकडे समोर ठेवून कलम एकदा सावकाश वाच आणि जो शब्द कुठल्यातरी तुकड्यात गेला असेल त्याच्याखाली टिंब दे. शेवटी टिंब नसलेला शब्द उरला, तर एक अट तरी तुझ्याकडून सुटली आहे. ‘पूर्ण किंवा अंशतः’, ‘आधीच’, ‘जवळचं’ असे छोटे शब्दच उरतात, आणि प्रश्न काढणारे नेमके त्यांच्यावर प्रश्न काढतात.

दुसरी तपासणी मला अधिक आवडते. करार कायद्यात कलमांखाली उदाहरणं दिलेली आहेत, ही या कायद्याची मोठी मेहेरबानी आहे. प्रत्येक उदाहरणात आधी गोष्ट, मग शेवटच्या वाक्यात निकाल. तो निकाल बोटाने झाक. गोष्ट स्वतःच्या वहीतल्या ओळींवरून चालव, निकाल काढ, मग बोट उचल. कलम २५ मध्ये एक उदाहरण आहे: एकाला दुसऱ्याचं पैशाचं पाकीट सापडतं, तो ते परत देतो, आणि मालक त्याला ५० रुपये देण्याचं वचन देतो. लेखी असल्याचा त्यात कुठे उल्लेखही नाही. निकाल: हे काँट्रॅक्ट आहे. चाचणीच्या आधी तू ही तपासणी केली असतीस, तर तुझी वही ‘व्हॉइड’ म्हणाली असती, पुस्तक ‘काँट्रॅक्ट’ म्हणालं असतं, आणि चूक घरीच सापडली असती. तुझी होडी म्हणजे तेच पाकीट आहे, पाण्यात सापडलेलं, एवढंच.

एक मर्यादाही लक्षात ठेव. उदाहरणं कलम समजायला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत. पाकिटाच्या उदाहरणावरून ‘हरवलेली वस्तू परत केली की पैसे मिळतात’ असा नियम मनाने तयार करू नकोस. वचन दिलंच नसेल तर हे घर उघडतच नाही.

सगळी कलमं कलम २५ सारखी आकडे घालून मांडलेली नसतात. काही ठिकाणी अपवाद ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणून खाली येतो, मराठीत त्याला परंतुक म्हणतात. काही ठिकाणी कलमाची सुरुवातच ‘सब्जेक्ट टू’ ने होते, म्हणजे दुसऱ्या कलमासमोर हे मान तुकवतं. ‘नॉटविथस्टँडिंग’ ने झाली तर उलट, दुसरं काहीही असो, हेच चालेल. हे दोन शब्द दिसले की पुढे ज्या कलमाचा आकडा आहे ते आधी उघडून बघ, मगच पुढे वाच. सध्या एवढं पुरे.

परीक्षेत उत्तर लिहिताना सगळं कलम उतरवत बसू नकोस. कोणता निकाल, कोणती अट लागली, कोणता अपवाद, त्यातले तुकडे प्रश्नातल्या गोष्टीला एकेक करून लावलेले, आणि जिथे डळमळीत आहे तिथे ‘हा शब्द वादाचा आहे, कारण…’ असं एक वाक्य. होडीच्या प्रश्नाला वहीचं एक पान पुरलं असतं. कच्चं फोडकाम उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलीने कर, पाचेक मिनिटं त्यात गेली तरी घाबरू नकोस, लिहिताना ती भरून निघतात.

रोज एकच कलम घे, पण पूर्ण फोड. पुढचं मी सुचवते: कलम १९. दमदाटी, फसवणूक किंवा चुकीची माहिती देऊन संमती मिळवली, तर ज्याची संमती तशी घेतली त्याला काँट्रॅक्ट टाळता येतं. खाली एक अपवाद आहे: साधारण काळजी घेऊन खरं काय ते शोधायची सोय त्याला असेल, तर टाळता येत नाही. आता त्या अपवादाची पहिली ओळ मूळ इंग्रजीत बघ. तिथे ‘मिसरिप्रेझेंटेशन’ आहे, आणि ‘सायलेन्स’ आहे, त्याला कलम १७ चं एक विशेषण स्वल्पविराम देऊन लावलेलं. दमदाटी आहे का तिथे? आणि तोंडावर खोटं बोलून केलेली फसवणूक? तो स्वल्पविराम नेमका कुणाला धरतोय ते शोध, मग ही गोष्ट चालव: बागायतदाराने व्यापाऱ्याला सांगितलं, पेटीतला सगळा माल देवगड हापूस आहे, आणि तो नाही हे त्याला ठाऊक होतं. व्यापाऱ्याला पेटी उघडून बघता आली असती, त्याने बघितली नाही. त्याला काँट्रॅक्ट टाळता येईल का? तुझं पान फोडून झालं की पाठव, मी तपासून देईन.